दोनशे पावत्या आणि त्यातल्या चार

“साहेब, बारा हजार नोंदींतल्या दोनशेच पाहिल्या आणि साडेपाच टक्के चूक म्हणून मोकळे झालात. हे कसं काय?”

तुम्ही विचारलंत म्हणून एकदा सविस्तर लिहितो. जिनिंगच्या गेटवर, लग्नाच्या पंगतीत, एकदा तर जळगाव स्टेशनावर गाडी सुटता सुटता हेच विचारलं गेलंय, आणि उभ्या उभ्या याचं उत्तर देता येत नाही.

संस्थेची हंगामाची कापूस खरेदी वही 12,400 नोंदींची होती. व्यापाऱ्यांच्या ट्रकच्या मोठ्या रकमेच्या 100 नोंदी आधी बाजूला काढून सगळ्याच्या सगळ्या तपासल्या. तिथे नमुना घेत बसायचं नसतं, एक ट्रक चुकला तरी लाखांचा फरक पडतो. उरलेल्या 12,300 नोंदी शेतकऱ्यांच्या टेम्पो-ट्रॅक्टरच्या. त्यांतल्या दोनशे.

त्या दोनशे मी निवडल्या नाहीत, हे कुणाच्या लक्षातच येत नाही. सचिवांना खिशातली नोट काढायला सांगितली, तिच्या नंबराचे सहा आकडे घेतले आणि सगळ्यांसमोर पायथनमध्ये हे चालवलं:

```
import random
random.seed(483917)
print(sorted(random.sample(range(1, 12301), 200)))
```

तोच आकडा घालून तुम्ही आजही हे चालवलंत तर पायथनच्या त्याच आवृत्तीवर तेच दोनशे क्रमांक येतील. एक्सेलच्या `=RAND()` मध्ये हीच अडचण आहे. शीट हलली की आकडे बदलतात, मग कोण म्हणणार की तुम्ही मनाजोगती यादी येईपर्यंत बटण दाबलं नाहीत?

“शितावरून भाताची परीक्षा” असं सभेत एकानं टोमण्यानं म्हटलं. भाताचं ठीक आहे हो, एकाच आधणात सगळी शितं सारखी शिजतात. वहीत चुका गठ्ठ्यानं बसतात. दिवाळीआधीच्या आठवड्यात गेटबाहेर रांग लागते, रात्री अकरापर्यंत काटा चालतो, पाळी बदलते, आणि एकाच हातानं ओळीनं पाच पावत्या चुकतात. म्हणून वरवरची चार पानं उलटून चालत नाही. दर साठावी नोंद घ्या, असं आमचे जुने लोक सांगत. पण ही वही पानाला तीस ओळींची. साठावी ओळ म्हणजे दर दुसऱ्या पानाची शेवटची ओळ, जी मुनीमजी बेरीज जुळवताना हमखास पुन्हा बघतात. तिथे चूक सापडणार कशी?

आता त्या चार पावत्यांकडे येतो. खरं भांडण तिथेच आहे.

चूक कशाला म्हणायचं हे आधी कागदावर लिहून सह्या घेतल्या होत्या: पावतीवरचं निव्वळ वजन, भाव किंवा रक्कम वहीशी जुळली नाही तर चूक, पावतीच मिळाली नाही तर तीही चूक. दोनशेंपैकी नऊ पावत्या पहिल्या दिवशी मिळाल्या नाहीत. नाना (मुनीमजींना सगळे नानाच म्हणतात) गोदामातून सुतळीनं बांधलेले गठ्ठे घेऊन आले. गुलाबी कार्बन प्रती, काहींवरची शाई इतकी उडालेली की उजेडात तिरपी धरूनच वाचता यावी. दोन दिवसांत पाच सापडल्या. चार नाहीच.

संध्याकाळी नाना माझ्यासमोर बसले. “भाऊ, बारा हजार पडल्यात. या चारच्या जागी दुसऱ्या चार घ्या ना. मी आता कोठून आणू, तुमीच सांगा.” संचालकांपैकी एक जण मागे उभे होते, त्यांनी मान डोलावली. चहा आला, गार झाला. मी नाही म्हटलं.

का नाही, ते ऐका. सापडलेल्या 196 पावत्यांत 7 चुका होत्या. चारच्या जागी चांगल्या चार बसवल्या असत्या तर दोनशेत सात, म्हणजे 3.5 टक्के. न बदलता, दोनशेत अकरा, म्हणजे 5.5. पावती हरवते ती कोणाची? नीट लिहिलेली आणि गडबडीत खरडलेली सारख्याच हरवत असत्या तर बदलायला हरकत नव्हती. तसं असतं यावर माझा विश्वास नाही. नानांचा होता. त्यांच्यावर मी चोरीचा आळ घेतला असं ते आजही समजतात, आणि माझ्याशी बोलत नाहीत.

इथे मी पूर्ण निर्धास्त आहे असं समजू नका. त्या चारांतल्या दोन तरी उंदरांनी खाल्ल्या असतील. “पावती नाही” हा रकाना वेगळा दाखवून 3.5 आणि 5.5 असे दोन्ही आकडे शेजारी शेजारी लिहावेत, असं तेव्हाही एक मन म्हणत होतं. अहवालात तसं लिहिलंही आहे. पण सभेत वाचला गेला तो मोठा आकडाच.

आणि तोही एकटाच. अहवालात 5.5 च्या पुढे लिहिलं होतं: खरं प्रमाण साधारण 3.1 ते 9.6 टक्क्यांच्या दरम्यान असावं. म्हणजे 12,300 नोंदींत चुका 380 असतील किंवा 1,180. ही रीत वीस वेळा वापरली तर एकोणीस वेळा खरा आकडा अशा पट्ट्यात सापडेल, एवढीच हमी. हा पट्टा आवळायचा तर पावत्या वाढवाव्या लागतात, आणि निम्मा करायला दुप्पट नव्हे, चौपट. वही बारा हजारांची असो की लाखाची, दोनशेंचा पट्टा जवळपास तेवढाच राहतो. हे लोकांना पटत नाही. मलाही गणित करून बघेपर्यंत पटलं नव्हतं.

सभेत मग कुणीतरी साडेपाच टक्क्यांना वर्षाच्या उलाढालीनं गुणलं आणि “एवढे कोटी गेले” म्हणून आरडाओरडा झाला. अहो, ते नोंदींचे टक्के आहेत, रुपयांचे नाहीत! एक उदाहरण सांगतो. पावतीवर 14 क्विंटल 60 किलो, वहीत 16 क्विंटल 40 किलो. फरक 180 किलो, नवानं भाग जातो. आकड्यांची अदलाबदल झाली की हा फरक नेहमीच नवाच्या पटीत येतो, म्हणून मी तो आधी तपासतो. भाव क्विंटलला 7,100, म्हणजे शेतकऱ्याला 12,780 रुपये जास्त गेले. सातांपैकी तीन चुका शेतकऱ्याच्या बाजूनं होत्या, चार संस्थेच्या. चोरी अशी दोन्हीकडे पैसे वाटत नाही.

सातांपैकी पाच चुका दिवाळीआधीच्या त्याच आठवड्यातल्या. त्या आठवड्याच्या 23 पावत्या माझ्या नमुन्यात होत्या. “मग तिथे बावीस टक्के चूक लिहा की,” असं सांगण्यात आलं. तेवीसमध्ये पाच याचा पट्टा 10 ते 42 टक्के होतो. त्यावर कोणाची नोकरी ठरवायची? त्या आठवड्यापुरता वेगळा नमुना काढा म्हटलं, तर फी वाढेल म्हणून विषय बारगळला.

यंदा नव्या इलेक्ट्रॉनिक काट्याच्या 100 पावत्या त्याच पद्धतीनं निवडून तपासल्या. एकही चूक नाही. संचालकांना अहवालात “शून्य टक्के” हवंय. शंभरात काहीच सापडलं नाही तर चुकीची वरची मर्यादा ढोबळमानानं 3 भागिले 100 धरतात, म्हणून मी “चूक 3 टक्क्यांपर्यंत असू शकते” असं लिहिलं. त्यावर सचिवांची सही अजून झालेली नाही.