आमची वाटचाल : आंबिलाचं पीठ आणि आगाऊ नोंदणी

भाजणी आणि मेतकूट आम्ही साताऱ्यात बरीच वर्षं करतोय. नाचणीच्या आंबिलाचं पीठ काढायचं ठरलं तेव्हा बचत गटाच्या प्रदर्शनात वाटीभर आंबील चाखून जवळजवळ प्रत्येकजण म्हणाला, "आणा, आम्ही घेऊ." त्या भरवशावर मी छापील पाकिटांचं दरपत्रक मागवलं आणि थबकले. पाकिटाच्या छापील फिल्मसाठी प्रत्येक रंगाचा छपाईचा वेगळा सिलिंडर कोरावा लागतो आणि फिल्म काही शे किलोंच्या खाली कोणी देत नाही. नंतर मजकुरातला एक शब्द जरी बदलला तरी त्या रंगाचा सिलिंडर नवा.

म्हणून साधी झिपची पाकिटं आणली, गावातल्या छापखान्यात स्टिकर करून घेतले आणि जुन्या गिऱ्हाइकांना निरोप धाडला : २०० ग्रॅम, ९० रुपये, पैसे आधी, माल बारा दिवसांनी. रविवारपर्यंत ६० पाकिटांची नोंदणी झाली नाही तर पैसे परत. साठचा आकडा चक्कीवरून काढला होता. १२ किलोंपेक्षा कमी दळलं तर आधीच्या भाजणीचा वास पिठाला लागतो. सवलत मुद्दाम दिली नाही, कारण स्वस्त म्हणून घेतलेल्या पाकिटावरून खरी मागणी कळत नाही.

७१ पाकिटांचे पैसे आले. त्यात १९ पाकिटं नातेवाइकांची होती. ती दळणाच्या हिशेबात धरली, पण पुढचा निर्णय घेताना बाजूला काढली.

पंधरा दिवसांनी मी एकेकाला फोन लावला. अर्ध्याअधिक घरांत पाकीट फोडून तसंच पडलेलं. "ताई, गुठळ्याच होतात हो," एक काकू म्हणाल्या. लोक पीठ थेट उकळत्या पाण्यात टाकत होते. आधी गार पाण्यात कालवायचं, हे आमच्या हाताला इतकं सवयीचं की स्टिकरवर लिहायचंच राहून गेलं. नवे स्टिकर दोन दिवसांत आले. सिलिंडर कोरलेले असते तर तीच चूक शेकडो किलो फिल्मवर छापली गेली असती.

दुसरी गोष्टही फोनवरच कळली. पुष्कळ आया बिनमिठाचं मागत होत्या. दुसऱ्या नोंदणीत जिरं-मीठ घातलेलं आणि नुसतं मोडाच्या नाचणीचं, असे दोन प्रकार ठेवले. नुसतं पीठ दुपटीनं गेलं. बाळांसाठी म्हणून मात्र आम्ही ते विकत नाही, त्या मालाचे कायदे वेगळे आणि कडक आहेत.

या दोन्ही नोंदण्या चैत्र-वैशाखातल्या. उन्हाळ्यात आंबील कोणीही पितं, म्हणून श्रावणात तिसरी नोंदणी घेतली. मीठ-जिऱ्याची जेमतेम ९ पाकिटं, नुसत्या पिठाची ४८. मीठ-जिऱ्याचं आंबिलाचं पीठ आता फक्त फाल्गुन ते ज्येष्ठ करतो, स्टिकर लावूनच. सिलिंडर कोरायला दिलेत ते नुसत्या नाचणीच्या पिठाचे, दोनच रंगांत.