जपानी अभियंत्याचे एक्झिट फॉर्म भाषांतरित करताना : माझा अनुभव

जॉइंट व्हेंचरमधून परत जाणाऱ्या परदेशी कर्मचाऱ्याचे कागद आले की भाषांतराला हात घालण्याआधी मी एचआरला एकच प्रश्न विचारते: या माणसाचं नातं नेमकं कोणत्या कंपनीशी संपतंय? वारंवार येणारं प्रकरण असं असतं. जपानी भागीदार कंपनीने पाठवलेला अभियंता, ठरावीक मुदतीची नेमणूक, शेवटचा दिवस ३१ मार्च. एक्झिट इंटरव्ह्यूची प्रश्नावली आणि क्लिअरन्स फॉर्म दोन्ही इंग्रजीत, आणि दोन्ही राजीनामा देऊन जाणाऱ्यांना डोळ्यांसमोर ठेवून बनवलेले.

पण हा अभियंता राजीनामा देतच नाहीये. जपानीत अशा नेमणुकीला, म्हणजे सेकंडमेंटला, झाइसेकी शुक्को म्हणतात. काम दुसऱ्या कंपनीत करायचं, पण मूळ कंपनीशी असलेला नोकरीचा करार चालूच राहतो. तेन्सेकी हा प्रकार वेगळा, त्यात जुना करार संपवून माणूस नव्या कंपनीत जातो. यातलं कोणतं लागू आहे ते फॉर्मवरून कळत नाही, म्हणून नेमणुकीचं पत्र मागवून घ्यावं लागतं. झाइसेकी शुक्को असेल आणि फॉर्ममधल्या ‘रेझिग्नेशन डेट’समोर ताईशोकु हा शब्द आला, तर तो माणूस नोकरी सोडल्याच्या कागदावर सही करतो. मूळ कंपनीत त्याची सेवेची वर्षं आणि निवृत्तीची रक्कम अखंड नोकरीवर मोजली जात असतील, तर हा कागद पुढे त्रासदायक ठरू शकतो. खरा शब्द आहे किनिन, म्हणजे नेमणूक संपवून मूळ जागी परतणं.

मात्र मूळ इंग्रजीत ‘रेझिग्नेशन’ असताना जपानीत परस्पर किनिन लिहिणं हे भाषांतर नव्हे. तसं केलं तर एकाच फॉर्मच्या दोन भाषांत दोन वेगळ्या गोष्टी होतात. मी एचआरला लेखी कळवते की मूळ फॉर्ममध्येच ‘सेकंडमेंटची समाप्ती’ हा पर्याय घाला. एक ओळ वाढवायला त्यांना फारसा वेळ लागत नाही.

क्लिअरन्स फॉर्मचं शीर्षक दिसायला साधं, पण तिथेच पहिली अडचण येते. काताकानात, म्हणजे परकी शब्दांसाठीच्या जपानी लिपीत, नुसतं ‘कुरिआरान्सु’ लिहिलं की यंत्रांवर काम करणाऱ्या जपानी माणसाच्या मनात दोन भागांमधली मोकळी फट येते. मी शीर्षकात ‘परत करणं आणि हिशेब मिटवणं यांची खातरजमा’ असा अर्थ येईल असे हेन्क्याकु आणि सेइसान हे शब्द वापरते. आतल्या रकान्यांतही ‘क्लिअर्ड’ एकच असला तरी क्रिया तीन असतात. आयटीकडे लॅपटॉप परत करायचा असतो, अकाउंट्सकडे आगाऊ उचल आणि प्रवासखर्च मिटवायचा असतो, विभागाकडे काम सोपवायचं असतं. जपानीत प्रत्येकाला वेगळा शब्द लागतो. सगळीकडे ‘पूर्ण’ लिहून टाकलं तर कामाचा ताबा सोपवणं, म्हणजे हिकित्सुगी, झालं की नाही हे त्या फॉर्मवरून कधीच कळत नाही. लॅपटॉपच्या ओळीतही एक खाच आहे. तो संयुक्त कंपनीचा आहे की मूळ कंपनीने दिलेला, हे ‘कंपनी लॅपटॉप’ या दोन शब्दांतून समजत नाही. त्या ओळीत मालक कंपनीचं नाव टाकायला मी आग्रहाने सांगते.

सगळ्यात जास्त वेळ मी शेवटच्या परिच्छेदाला देते. बहुतेक फॉर्ममध्ये सहीच्या वर असा मजकूर असतो की ‘कंपनी, तिच्या पालक कंपन्या आणि संलग्न कंपन्या यांच्याकडून माझं काहीही येणं नाही.’ सामान्य कर्मचाऱ्याच्या बाबतीत हे चालून जातं. इथे मात्र ‘पालक कंपनी’ म्हणजे या अभियंत्याची स्वतःची मालक कंपनी, जिच्याकडून त्याला पुढच्या महिन्यात पगार मिळायचा आहे. वाक्य शब्दशः घेतलं तर तो स्वतःच्याच कंपनीवरचा हक्क सोडून देतो. भाषांतरात हे वाक्य मी सौम्य करत नाही. जसं आहे तसं देते आणि सोबतच्या टिपणात अडचण मांडून विधी विभागाकडे पाठवते. मी सुचवते तो बदल साधा आहे: येणं-देणं फक्त संयुक्त कंपनीने द्यायच्या रकमांपुरतं मर्यादित ठेवणं. ‘अफिलिएट्स’साठी घाईत कानरेन गाइशा लिहिलं जातं, पण जपानी हिशेबशास्त्रात तो पालक किंवा उपकंपनी नसलेल्या, पण जिच्यात साधारण २० टक्के किंवा जास्त मतहक्क हातात आहेत अशा कंपनीपुरता शब्द आहे. तिन्ही मिळून म्हणायचं असेल तर कानकेइ गाइशा. जपानी लिखाणातल्या एका अक्षराच्या फरकाने हक्कसोडीची व्याप्ती बदलते.

तारखा मी नेहमी वर्ष, महिना, दिवस अशा पूर्ण लिहिते आणि वर्ष चार आकडी ठेवते. जपानी माणूस हाताने ७/३/३१ लिहितो तेव्हा तो जपानी कालगणनेतल्या रेइवा ७ म्हणजे २०२५ सालचा ३१ मार्च असू शकतो, कारण रेइवा १ हे २०१९ साल.

एक्झिट इंटरव्ह्यूत अडचण शब्दांपेक्षा उत्तरांच्या पद्धतीत असते. ‘वरिष्ठांकडून पुरेसं मार्गदर्शन मिळालं नाही का?’ अशा नकारार्थी प्रश्नाला जपानीत ‘हाइ’ आलं, तर त्याचा अर्थ ‘बरोबर, मिळालं नाही’ असा होतो. इंग्रजी फॉर्ममध्ये ‘येस’ वाचणाऱ्याला उलटं वाटू शकतं. म्हणून असे प्रश्न होकारार्थी करून द्यायला मी आधीच सांगते. खुणांचंही तसंच. जपानी शाळांत गोल म्हणजे बरोबर, आणि टिकसारखी खूण अनेकदा चुकलेल्या उत्तरावर केली जाते. त्यामुळे कोणती खूण कुठे करायची याचा नमुना पहिल्याच पानावर देते, आणि ‘१ म्हणजे असमाधानी, ५ म्हणजे समाधानी’ ही ओळ प्रत्येक पानावर छापते.

सोडण्याचं कारण विचारल्यावर ‘इश्शिनजो नो त्सुगो’ असं उत्तर आलं, तर ते ‘वैयक्तिक कारणाने’ असंच लिहायचं. राजीनाम्याच्या पत्रातला तो ठरलेला मजकूर आहे. त्यावरून ‘कौटुंबिक अडचण’ या चौकटीत खूण करणं म्हणजे त्याने न सांगितलेलं त्याच्या तोंडी घालणं. आणि तो सेकंडमेंट संपवून परततोय हे ठरलेलं असेल, तर हे उत्तर मुळात का आलं ते एचआरने त्यालाच विचारावं.

‘ही माहिती फक्त एचआरलाच दिसेल’ या वाक्याआधीही मी थांबते, कारण अशा कंपनीत एचआर कोणाला अहवाल देतं ते भागीदारांच्या करारावर ठरतं. अभियंता आपल्या जपानी वरिष्ठाबद्दल लिहिणार असेल, तर ते कोणत्या कंपनीचं एचआर वाचणार, हे त्याला लिहिण्याआधी कळायला हवं.

अंतिम प्रत दोन रकान्यांची करते, डावीकडे इंग्रजी, उजवीकडे जपानी, ओळींचे क्रमांक दोन्हीकडे सारखे, म्हणजे नवव्या ओळीवर सही नसेल तर दोन्ही बाजूंना लगेच दिसतं. मतभेद झाला तर कोणती भाषा ग्राह्य, ती ओळ सहीच्या वर येते. मग जपानी जाणणाऱ्या, पण मूळ फॉर्म न पाहिलेल्या माणसाला फक्त जपानी रकाना वाचायला देते आणि विचारते: कोण कोणाला काय परत करतंय, आणि पैसे कोण देणार? त्याचं उत्तर मूळ फॉर्मशी जुळलं की फाइल एचआरकडे जाते, आणि भरलेल्या प्रश्नावलीची माझ्याकडची प्रत करारात ठरलेल्या मुदतीत पुसून टाकल्याचं मी लेखी कळवते.