समास अखेर वेगळा पडला (वही ते नोट्स, पुढचा अपडेट)

झालं एकदाचं! भाचीची हाताने लिहिलेली वही फोटोवरून टाईप केलेल्या नोट्समध्ये आणतोय, त्यात गेल्या वेळी पानाच्या डावीकडच्या समासातला मजकूर मुख्य ओळींत मिसळून डोकं खात होता, तो काल रात्री सुटला. पान तेच, भाचीच्या दापोलीच्या वर्गातल्या वहीतलं, हापूस आंब्यातल्या साका या दोषाचं. एका पानात सगळे त्रास आहेत म्हणून टेस्टला तेच ठेवलंय.

सेटअप माहितीये तुम्हाला, फोटोतून ओळींच्या पट्ट्या कापायच्या, वरून खाली नंबर द्यायचे आणि बघून टाईप करायचं. हाताचं अक्षर टेसरॅक्टला देण्यात अर्थ नाही, ते छापील मजकुरासाठीच बनवलंय. अधोरेखित ओळ आली की पुढे `##`, झालं हेडिंग. पण समासात भाचीने दोन ओळींत 'जमिनीची / उष्णता' लिहिलंय आणि माझा कोड उंचीवरून ओळी जुळवतो, त्यामुळे हेडिंग आलं 'जमिनीची उपाय' आणि खाली 'उष्णता झाडाखाली गवताचे आच्छादन' 😂 अर्थच उलटा, आच्छादन घालतात ते उष्णता अडवायला.

उपाय सोपा निघाला, ग्रेस्केल करायच्या आधीच समासाची लाल रेघ शोधायची. यात एक गोम आहे, ओपनसीव्हीत लाल रंग ह्यूच्या दोन्ही टोकांना असतो, एकच रेंज दिली तर रेघ तुटक येते. दोन्ही मास्क घेऊन जोडायचे:

```
a = cv2.inRange(hsv, (0,60,60), (10,255,255))
b = cv2.inRange(hsv, (170,60,60), (179,255,255))
m = cv2.bitwise_or(a, b)
```

शिवणीकडे पान फुगतं, रेघ वाकते, म्हणून पूर्ण पानाला एकच x न धरता आडवे पट्टे पाडून प्रत्येकात वेगळा काढला. मग रेघेच्या डावीकडचं सगळं बाजूला काढायचं आणि ते जिथे सुरू होतं त्या ओळीखाली `>` लावून ठेवायचं. आता 'उपाय' स्वच्छ, त्याखाली आच्छादन, मग 'फळे १४ आणे तयार झाल्यावर काढावीत'. इतकं बरं वाटलं म्हणून सांगू!

फोटो साध्या कॅमेऱ्यानेच काढा हां. स्कॅनिंग ॲपचा काळापांढरा फिल्टर लावला की लाल रेघ निळ्या शाईसारखीच काळी होते, मग शोधणार काय. पावसाळी ढगाळ उजेड झकास, हाताची सावली पडत नाही.

राहिला बाण. 'उष्णता'वरून बाण वर 'कारणे'कडे जातो. तो कोडने ओळखायचा विचार होता, पण लिहितालिहिताच वाटतंय नको, फोटोआधी पेन्सिलने दोन्ही टोकांना एकच आकडा घालायचा आणि टाईप करताना टीप तिथे हलवायची. शेवटी सर परत लक्षणांवर आलेत (फळ बाहेरून छान, आत गर पांढरट), ते मात्र वरच्या 'लक्षणे'त नेणार नाही, 'लक्षणे (पुन्हा)' असं खालीच राहील, भाचीला वर्गात ऐकलेल्या क्रमानेच आठवतं.

आता दमट कागदातून मागच्या पानाची शाई उमटते त्याचं बघतो. मागे काळा कागद ठेवून कुणी फोटो काढलाय का?