आमची वाटचाल : चित्रातून माणूस काढण्याची जवळजवळ पन्नास वर्षे

आमचा स्टुडिओ वडिलांनी १९७८ साली कोल्हापुरात सुरू केला, आणि पहिल्या दिवसापासून लोकांची एक मागणी कायम राहिली आहे : "आमचा फोटो चांगला आलाय, फक्त मागचा तो माणूस तेवढा काढून द्या." हा 'तेवढा' शब्द ऐकला की आजही माझ्या कपाळावर आठी पडते, कारण माणूस काढणे हे या कामाचे निम्मेच अंग आहे. त्याच्यामागे जे झाकले गेले होते ते पुन्हा उभे करणे हे उरलेले निम्मे, आणि खरे पैसे त्याचेच असतात.

वडिलांचे पहिले भागीदार म्हणजे रिटचिंग करणारे अण्णा. त्यांचे टेबल अजून माझ्याकडे आहे : तिरकी लाकडी चौकट, मधोमध घासलेली काच, आणि काचेखाली उजेड वर फेकणारा आरसा. निगेटिव्हवर शिशाची रेघ धरावी म्हणून ते आधी बोटभर कापसाने रिटचिंगचे औषध चोळत, मग काचकागदावर सुईसारख्या घासलेल्या पेन्सिलीने इवले स्वल्पविराम काढावेत तसे काम करत. गडद कपड्यातला वाटसरू आकाशासमोर उभा असेल तर तो निगेटिव्हवर जवळजवळ पारदर्शक दिसतो. तिथे पेन्सिलीने किंवा 'ओपेक' नावाच्या, उजेड अडवणाऱ्या विटकरी रंगाने भर घातली की छपाईत तो आकाशात विरून जातो. पांढऱ्या शर्टातला माणूस मात्र निगेटिव्हवर काळा आणि दाट असतो, आणि तो काढायचा म्हणजे पात्याने वरचा थर खरवडायचा. हात जरा जड पडला की फिल्म कायमची गेली. म्हणून असे काम आले की अण्णा निगेटिव्हला हात लावत नसत. छापलेल्या कागदावर शून्य नंबरच्या ब्रशने रंग भरून तो शर्ट मागच्या झाडीत मिसळून टाकत. हल्ली जे म्हणतात की पूर्वी हे होतच नव्हते, त्यांनी ते टेबल एकदा येऊन पाहावे.

पुढे रंगीत फिल्म आली आणि पेन्सिलीचे काम बसले. आम्ही २००२ च्या अखेरीस संगणक घेतला, कारण त्या वर्षी आलेल्या फोटोशॉप ७ मध्ये हीलिंग ब्रश आणि पॅच ही दोन हत्यारे पहिल्यांदा मिळाली होती. क्लोन स्टॅम्प जसेच्या तसे उचलून दुसरीकडे छापतो; हीलिंग ब्रश मात्र पोत उचललेल्या जागेचा घेतो आणि रंग-उजेड आजूबाजूचा. हा फरक नीट कळला म्हणूनच पुढे आम्ही तगलो.

तो कळला गुरुजींच्या फोटोवर. गुरुजी म्हणजे आमचे सर्वांत जुने गिऱ्हाईक. शाळेच्या गॅदरिंगपासून निवृत्तीच्या समारंभापर्यंत त्यांनी दुसऱ्या कोणाचे दार पाहिले नाही. २००४ साली त्यांच्या पत्नी गेल्या. भिंतीवर लावण्याजोगा त्यांचा एकटीचा एकच फोटो होता : सकाळची वेळ, रंकाळ्याचा दगडी कठडा, पलीकडच्या काठावर शालिनी पॅलेस, आणि काकूंच्या उजव्या खांद्यामागे सायकल धरून उभा असलेला अनोळखी माणूस. त्याचे कोपर त्यांच्या पदराला लागलेले दिसत होते, सायकलीचे हँडल कानामागून बाहेर आले होते आणि त्याचे डोके नेमके राजवाड्याच्या मनोऱ्यावर बसले होते. निगेटिव्ह हरवलेली होती. हाती होता तो चार बाय सहाचा चकचकीत प्रिंट.

तो प्रिंट सहाशे डीपीआयने स्कॅन केला, म्हणजे २४०० बाय ३६०० ठिपके मिळाले. त्याहून जास्त ठेवून उपयोग नव्हता, कारण कागदातच त्यापलीकडचा तपशील नसतो. मूळ थर कुलूपबंद ठेवून वर रिकामा थर घेतला आणि क्लोन स्टॅम्पला `Use All Layers` ची खूण केली, म्हणजे चूक झाली तर वरचा थर पुसता येतो. मग नवशिके करतात ते टाळले : माणसाला मधूनच पुसायला घेतले नाही. आधी रेषा जोडल्या. पलीकडच्या काठाची रेषा, कठड्याची वरची धार, कठड्याची खालची धार, या तिन्ही माणसाच्या डावीकडून उजवीकडे सरळ पोचल्या पाहिजेत. नमुना रेषेवरूनच उचलायचा आणि रेषेवरच ठेवायचा. रेषा एक-दोन ठिपके जरी मोडली तरी माणूस गेला तरी त्याची जागा डोळ्याला सापडते.

रेषांच्या मधला भाग त्यानंतर भरला. पाणी भरताना नमुना त्याच उंचीवरून घ्यावा लागतो, कारण जवळच्या लाटा मोठ्या आणि दूरच्या बारीक असतात. खालचे पाणी वर नेऊन ठेवले की तळे तिथेच फुगल्यासारखे दिसते. जमिनीवर सायकलीच्या चाकाची सावली राहिली होती, ती मला दुसऱ्या दिवशी दिसली. माणूस काढून सावली ठेवणे ही आमच्या धंद्यातली सर्वांत जुनी चूक आहे.

पदराच्या आणि केसांच्या कडेला हीलिंग ब्रश लावला आणि सगळे बिघडले. ब्रश आजूबाजूचा रंग घेतो, आणि आजूबाजूला केस असले तर केसांचा काळा रंग पाण्यात ओढला जाऊन धुरकट डाग पडतो. तेव्हा काकूंच्या कडेने एक ठिपका मऊ कडेची निवड आखून घेतली आणि त्या कडेलगत फक्त क्लोन वापरला. कानामागच्या सुट्या बटा हँडलबरोबर गेल्याच होत्या. त्या दोन ठिपके जाडीच्या ब्रशने एकेक करून पुन्हा काढल्या.

प्रश्न उरला मनोऱ्याचा. जे चित्रात कुठेच नाही ते क्लोन कोठून करणार? अंदाजाने मनोरा रंगवणे मला पटेना, कारण कोल्हापुरात तो प्रत्येकाने पाहिलेला आहे. म्हणून सकाळी सात वाजता प्रिंट हातात घेऊन मी रंकाळ्यावर गेलो, कठड्याचे दगड जुळवत जुळवत मूळ जागा शोधली, आणि कॅमेरा छातीच्या उंचीवर धरून राजवाड्याचा फोटो घेतला. उंची बदलली तर काठाची रेषा आणि मनोरा यांचा मेळ बसत नाही. त्यातला मनोरा आणून बसवला तेव्हा तो जुन्या फोटोपेक्षा जास्तच रेखीव दिसू लागला, म्हणून तो थोडा धूसर केला आणि सगळ्या भरलेल्या भागावर `Add Noise` ने बारीक दाणे टाकले. कागदाला दाणा आहे आणि भरलेल्या भागाला नाही, असे असले की तो भाग गुळगुळीत ठिगळासारखा उठून दिसतो.

गुरुजींनी प्रिंट चष्मा काढून जवळून पाहिला आणि म्हणाले, "अहो, कठड्यावरच्या या दगडाला जुळे भाऊ झालेत." खरेच, एकाच दगडावरचा शेवाळाचा डाग दोनदा छापला गेला होता. तेव्हापासून काम संपले की चित्र आडवे उलटे करून पाहायचे आणि वर कर्व्हजचा थर घालून उजेड अतोनात ताणायचा, हा आमचा नियम झाला. डोळ्याची सवय मोडली की जुळे आणि ठिगळे दोन्ही दिसतात. गुरुजींनी दुरुस्त प्रिंट नेला आणि पुढची दहा वर्षे ते आमच्याकडे माणसे पाठवत राहिले.

मधली वर्षे बरी गेली. त्यात सांगण्यासारखे काही नाही.

२०११ साली आमच्याकडेच सहा वर्षे काम शिकलेल्या मुलाने समोरच्या ओळीत दुकान काढले. नाव घेत नाही. पाटीवर लिहिले होते, 'मागचा माणूस एका क्लिकमध्ये गायब, फक्त ५० रुपये', आणि आमचा दर तेव्हा तीनशे होता. आदल्या वर्षी फोटोशॉप सीएस५ मध्ये कंटेंट-अवेअर फिल आले होते, आणि त्याच्या जोरावर हे सगळे चालले होते. ते हत्यार वाईट नाही, मी आजही वापरतो. चित्राच्या इतर भागातले तुकडे शोधून ते रिकाम्या जागी जुळवते, म्हणून गवत, वाळू, मोकळे आकाश यांत बेमालूम काम करते. पण त्याला कठडा म्हणजे काय हे कळत नाही. सरळ रेषा मोडते, आणि शेजारीच माणूस असला तर त्याचेच तुकडे उचलते. त्या दुकानातून आलेल्या एका नवरीच्या फोटोत मागच्या अशोकाच्या झाडाला तिचाच गजरा फुटलेला मी स्वतः पाहिला आहे. तरीही गिऱ्हाईक तिकडेच जात होते. आम्ही आठ महिन्यांचे भाडे थकवले आणि निगेटिव्हवरून मोठे फोटो छापायचा वडिलांचा एन्लार्जर विकला.

त्यातच आमच्या हातून चूक झाली, आणि ती मी लपवत नाही. एका साखरपुड्यात काढलेल्या नवरीच्या एकटीच्या फोटोत मागे पाण्याच्या पिंपाशेजारी फेटा बांधलेला एक गृहस्थ उभा होता. माझ्या माणसाने तो विचारल्याशिवाय साफ केला आणि फाइल त्याच नावाने जतन केली. अल्बम घरी गेल्यावर कळले की तो नवरीचा मामा होता, आणि त्या दिवशीच्या तिच्या जवळच्या फोटोंत तो तेवढ्या एकातच होता. लांबून काढलेल्या दुसऱ्या एका फोटोतून उचलून मामा परत बसवून पाहिला, पण तिथे उजेड डावीकडून होता आणि इथे उजवीकडून, त्यामुळे मामा चिकटवलेला दिसत होता. अल्बमचे पैसे परत केले. समोरच्याने हा किस्सा चहाच्या टपरीवर वर्षभर चघळला, आणि मला त्याचा राग अजून आहे.

तेव्हापासून आमच्या पावतीवर एक ओळ असते : 'काढायचा माणूस कोण आहे?' आणि पुढे गिऱ्हाइकाची सही. मूळ फाइल वेगळ्या फोल्डरमध्ये जाते आणि तिला कोणी हात लावत नाही. विषय निघालाच आहे तर फोटो काढणाऱ्या तरुणांनाही सांगतो, कोणी विचारले नसले तरी : बटण दाबण्याआधी दृश्याचे चारही कोपरे पाहा, आणि निघण्यापूर्वी त्याच जागेवरून मोकळ्या पार्श्वभूमीचा एक फोटो घ्या, तो सोन्यासारखा उपयोगी पडतो. गर्दी ओसरतच नसेल तर कॅमेरा तिकाटण्यावर ठेवून थोड्या थोड्या वेळाने दहा-बारा फोटो घ्या आणि फोटोशॉपच्या `File > Scripts > Statistics` मध्ये `Median` निवडा; जी जागा निम्म्याहून अधिक फोटोंत मोकळी आहे तिथला प्रत्येक माणूस आपोआप नाहीसा होतो. एकाच ठिकाणी बसून राहिलेला फुगेवाला मात्र तिथेच राहतो. आपला माणूस वेगळ्या एका फोटोतून वर बसवायचा, कारण तोही दहा फोटोंत सारखा थोडाच उभा राहणार? आणि गिऱ्हाइकांनो, फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचा तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा; साधा पाठवलात की तो लहान होऊन येतो आणि केसांची कडा आम्हाला चौकोनी दिसते.

गेल्या दिवाळीत समोरच्या दुकानातला पोरगा पेन ड्राइव्ह घेऊन आला. लहान मुलीचा फोटो होता, मोकळे कुरळे केस, आणि केसांच्या जाळीतून मागच्या रिक्षाचा पिवळा पट्टा दिसत होता. "साहेबांनी विचारलंय, होईल का," तो म्हणाला. मी पाहिले, होईल म्हणालो, पावतीवर 'काढायचा माणूस कोण आहे' च्या पुढे 'रिक्षा' असे लिहून त्याची सही घेतली, आणि पूर्ण दर लावला.