आमची वाटचाल : काचेला चिकटलेला फोटो

सांगलीत आबांनी स्टुडिओ काढला तेव्हा डार्करूम होती आणि ब्लॅक अँड व्हाइट प्रिंटवर ब्रशने रंग भरायचं कामही होतं. मी हातात घेतला तोवर पासपोर्ट फोटो, लग्नाचे अल्बम आणि झेरॉक्स एवढंच उरलं होतं. पुढे मोबाइलने त्यातलंही बरंचसं काढून घेतलं. जुने फोटो दुरुस्त करणं हा आमच्याकडे जोडधंदा होता. २०१९च्या ऑगस्टमधल्या महापुरानंतर तो मुख्य धंदा झाला, आणि तो कसा करायचा याची शिस्त एका ईमेलमुळे लागली.

ईमेल पुण्याहून आला होता. पलूस तालुक्यातलं नदीकाठचं घर, आई वारलेली. ‘तिचा स्टुडिओत काढलेला हा एकच फोटो. पुराच्या पाण्यात फ्रेमसकट भिजला आणि वाळून काचेला चिकटला. इथे एकाने काच उचकटून बघितली तर खालचा कोपरा निघाला, म्हणून थांबवलं. फोटो नीट करून रंगीत करता येईल का? साडी मला तांबडी आठवते, ताई हिरवी म्हणते.’ सोबत मोबाइलवर काढलेला फोटो होता. त्यात आईपेक्षा ट्यूबलाइटच जास्त दिसत होती.

मी त्यांना पहिलं उत्तर दिलं ते एवढंच, की काच आता कुणालाही हात लावू देऊ नका आणि कुरिअर न करता स्वतः घेऊन या. जुन्या प्रिंटवर चित्र असतं ते जिलेटिनच्या पातळ थरात. तो थर भिजला की फुगतो, मऊ होतो आणि वाळताना काच धरून बसतो. काच ओढली की कागद खाली राहतो आणि चेहरा काचेबरोबर वर येतो. पुन्हा पाण्यात भिजवून सोडवायचा प्रयोग काही जण करतात, पण पुरात आधीच मऊ पडलेला थर विरघळायचीही शक्यता असते. एकुलत्या एका फोटोवर आम्ही तो करत नाही.

म्हणून काचेसकटच स्कॅन केला. इथे स्कॅनर कोणता, याला महत्त्व आहे. ऑफिसातले चपटे सीआयएस स्कॅनर काचेला टेकलेलंच स्पष्ट टिपतात. मध्ये दोन-तीन मिलिमीटरची फ्रेमची काच आली की सगळं धूसर. सीसीडी स्कॅनरला तेवढी खोली चालते. फोटो ब्लॅक अँड व्हाइट असला तरी स्कॅन रंगीतच करायचा, १२०० डीपीआयवर. रंगीत स्कॅनमधले लाल, हिरवा आणि निळा हे तीन चॅनेल वेगवेगळे करून बघता येतात. गाळाचे पिवळट-तपकिरी डाग निळ्या चॅनेलमध्ये काळेकुट्ट दिसतात आणि लाल चॅनेलमध्ये जवळजवळ दिसेनासे होतात. हनुवटीवरून गेलेली पाण्याची रेघ अशीच निम्मीअधिक गेली. चिकटलेला भाग गडद आणि सुटा भाग फिकट दिसत होता, तो फरक मात्र हातानेच मिटवावा लागला.

डाव्या डोळ्यापाशी थरच गेला होता. उजवा डोळा उलटवून तिथे बसवणं सगळ्यात सोपं, आणि तसं केलेले फोटो मी लांबून ओळखतो. बुबुळातला दिव्याचा ठिपका चुकीच्या बाजूला जातो आणि माणूस परका दिसायला लागतो. मुलाने एका लग्नातला ग्रुप फोटो पाठवला. त्यात आईचा चेहरा मिरीएवढा होता, तरी डावी पापणी जराशी उतरलेली आहे एवढं कळलं. तेवढ्यावर डोळा रंगवला आणि ठिपका दिव्याच्या बाजूलाच ठेवला.

आता साडी. ब्लॅक अँड व्हाइटमध्ये तांबडा आणि हिरवा बऱ्याचदा एकाच करड्या छटेत उतरतात, त्यामुळे कोण बरोबर हे फोटो सांगू शकत नव्हता. मी विचारलं, तिची एखादी साडी ठेवली आहे का? साडी नव्हती, पण ताईंकडे जुन्या साड्यांची वाकळ होती. तिच्यात एक इरकल निघाली, काठाच्या रेघा फोटोतल्या काठाशी तंतोतंत जुळणाऱ्या. वरून ती धुऊन धुऊन राखाडी झाली होती. ताईंना एक शिवण उसवायला सांगितली. आत ऊन-पाणी न लागलेला मूळ रंग होता : अंग गर्द हिरवं, काठ तांबडा. बहीण-भाऊ दोघेही बरोबर निघाले.

त्वचेबद्दल मुलाने आपणहून लिहिलं, ‘आई सावळी होती, गोरी करू नका.’ असं लिहिणारे फार थोडे. बहुतेक जण उलटंच सांगतात आणि आम्हाला ‘मग ओळख पटणार नाही’ म्हणून समजवावं लागतं. सावळ्या चेहऱ्यालाही एकच रंग फासून चालत नाही. गाल, ओठ आणि कानाची पाळी तांबूस, डोळ्यांखाली जरा निळसर. असे वेगवेगळे थर फोटोशॉपमध्ये ‘कलर’ मोडवर हलके द्यायचे, म्हणजे मूळ छाया-प्रकाश तसाच राहतो.

तेव्हापासून आम्ही दोन फाइली देतो : दुरुस्त केलेली ब्लॅक अँड व्हाइट वेगळी आणि रंगीत वेगळी, कारण रंगात आमचा अंदाज मिसळलेला असतो. मूळ फोटो काचेसकट परत करतो. स्कॅनचे पैसे आधी आणि वेगळे घेतो. काही गिऱ्हाइकं त्यावरून घासाघीस करतात, पण काचेआडचा स्कॅन जमला नाही तर पुढचं काम आम्ही घेतच नाही.