‘इंग्रजी कमी करा’चा लाल गोल: एका तीस सेकंदांच्या व्हॉइसओव्हरचा अनुभव

काम साधं होतं. इकडच्या एका सहकारी बँकेच्या ॲपसाठी तीस सेकंदांचा व्हॉइसओव्हर. ऐकणारे म्हणजे जळगाव, भुसावळ, धुळ्याचे कॉलेजवाले आणि शिकायला किंवा नोकरीला पुण्यात गेलेली खान्देशचीच पोरं. रेकॉर्डिंग आणि एडिटिंग विनातक्रार पार पडलं, त्याबद्दल फारसं सांगण्यासारखं नाही. अडकलं ते स्क्रिप्टच्या मंजुरीत, आणि इतकं अडकलं की अजून आठवलं की चिडचिड होते.

बँकेकडून आलेला मजकूर असा होता: ‘आपले बचत खाते आता उघडा घरबसल्या, आमच्या मोबाईल ॲपद्वारे! ॲप त्वरित डाउनलोड करा, आवश्यक माहिती भरा व प्रथम व्यवहारावर आकर्षक कॅशबॅकचा लाभ घ्या. सो गाइज, व्हॉट आर यू वेटिंग फॉर?’

हा कागद एका टेबलावरून परत आला तो लाल गोल मारून: ‘इंग्रजी कमी करा’. दुसऱ्या टेबलावरून आला तेव्हा शेरा होता, ‘तरुणांना अपील होत नाही, इंग्लिश वाढवा’. मग एकाने ‘डाउनलोड’ काढून ‘उतरवून घ्या’ घातलं, दुसऱ्याने ‘कूल’ आणि ‘सुपर’ पेरले. दोघेही कागदावरचे इंग्रजी शब्द मोजत होते. दुखणं तिथे नव्हतंच.

वरचा मजकूर मोठ्याने वाचून बघा. ‘ॲप’, ‘डाउनलोड’, ‘कॅशबॅक’ कुठेच टोचत नाहीत. टोचतात ‘द्वारे’, ‘त्वरित’, ‘व’, ‘प्रथम’ आणि ‘लाभ घ्या’. कुणीही बोलताना ‘ॲपद्वारे’ म्हणत नाही, ‘ॲपवरून’ म्हणतो. बोलण्यातल्या इंग्रजी शब्दाच्या शेजारी परिपत्रकातली मराठी बसवली की जोड उघडा पडतो, आणि ऐकणाऱ्याला तो इंग्रजी शब्दच उपरा वाटतो. मिश्र भाषा ओढूनताणून वाटते तेव्हा दहातल्या आठ वेळा दोष मराठी भागाचा असतो. इंग्रजीला हात लावण्याआधी मराठी बोलकी करावी. ‘झाले’चं ‘झालं’, ‘त्वरित’चं ‘लगेच’, ‘आपण’चं ‘तुम्ही’. (बँकेने ‘तू’ म्हणणंही चालत नाही. पैशाच्या गोष्टीत एकदम अरेतुरे केलं की पोरंसुद्धा बिचकतात.)

शेवटचं इंग्रजी वाक्य मात्र खरंच काढण्यासारखं होतं, आणि त्याचं कारण वेगळं. मराठी बोलणारा माणूस इंग्रजीतून वस्तूंची आणि कामांची नावं घेतो: लिंक, पेमेंट, ओटीपी, स्कॅन करणं, फॉरवर्ड करणं. वाक्याचा सांगाडा, म्हणजे क्रियापद, प्रत्यय, ‘आणि’, ‘पण’, ‘की’, तो मराठीच ठेवतो. मित्रांशी गप्पा मारताना ‘सो’ आणि ‘बट’ येतात, हे खरं. पण तेच बँकेच्या तोंडी आले की काकांनी पुतण्याची जीन्स घातल्यासारखं दिसतं.

हे सगळं मी कागदावर लिहून पाठवलं, समजावून सांगितलं. उपयोग शून्य. कागद समोर आला की माणूस शुद्धलेखन तपासतो, कान वापरत नाही. ‘काढायचंय’ हा शब्द छापलेला दिसला की त्याला तो अशुद्ध वाटतो, ऐकू आला की कळतही नाही. प्रत्येक फेरीत एखादा ‘व’ परत यायचा, एखादं ‘करिता’ नव्याने उगवायचं. सही करणारे साहेब दौऱ्यावर गेले की कागद पडून, आणि परत आले की नवीन शंका.

शेवटी कागद पाठवणं बंद केलं. फोनवरच, खोलीचा पंखा बंद करून, मजकूर वाचून रेकॉर्ड केला आणि दोन ऑडिओ पाठवले. पहिल्यात त्यांचा मजकूर जसाच्या तसा, फक्त शेवटचं इंग्रजी वाक्य वगळून. दुसऱ्यात हा:

‘अकाउंट काढायचंय? बँकेत चक्कर मारायची गरज नाही. ॲप डाउनलोड करा, आधार नंबर टाका, ओटीपी येईल तो टाका, झालं. आणि पहिल्या पेमेंटवर पन्नास रुपये कॅशबॅक.’

लिखित काहीही सोबत दिलं नाही. उत्तर आलं, ‘दुसरं चांगलंय, इंग्रजी कमी केलंत ते बरं झालं.’ पहिल्यात इंग्रजीतून आलेले शब्द 5 आहेत, दुसऱ्यात 8. मी ही मोजणी त्यांना सांगितली नाही, सही होईपर्यंत तर अजिबातच नाही. तुम्हीही सांगू नका. मंजुरी ऐकवूनच घ्यायची, आणि मंजूर झालेला ऑडिओ हीच स्क्रिप्ट असं आधीच ठरवून घ्यायचं. कायदेशीर मजकूर असेल तेवढाच कागदावर.

शब्द कोणता घ्यायचा याचा वाद उरलाच, तर त्यावर एक चांगली परीक्षा आहे. ज्या वयासाठी काम आहे त्या वयाच्या तीन-चार जणांना ऑडिओ एकदाच ऐकवा आणि विचारा, ‘काय सांगितलं रे यात?’ कसं वाटलं, हे विचारू नका, लोक ‘बरं आहे’ असंच म्हणतात. ते परत सांगताना जे शब्द वापरतील ते तुमचे शब्द. ‘खाते उघडा’ ऐकवलेली पोरं परत सांगताना ‘अकाउंट काढायचं’ म्हणाली, आणि ‘लाभ घ्या’चं ‘पैसे परत भेटतात’ झालं. ‘भेटतात’ मी घेतलं नाही, कारण पुण्यातल्या कानाला ते लगेच वेगळं लागतं. पण ‘अकाउंट काढायचं’ तिथूनच उचललं.

प्रत्ययांचंही ऐकून ठरवावं, नियम करून नाही. जे शब्द मराठीत जुने झाले त्यांचं सामान्यरूप होतं: बँकेत, टेबलावर. नवे शब्द तसेच राहतात आणि प्रत्यय वरून चिकटतो: ॲपमध्ये, लिंकवर. ‘लिंकेवर’ कुणी म्हणत नाही, आणि ‘बँकमध्ये’ म्हटलं की मराठी कच्ची वाटते. लिंगाचंही तसंच. ओटीपी येतो, लिंक येते, पेमेंट होतं. हे चुकलं की बाकी सगळं बरोबर असूनही ऐकणाऱ्याला खटकतं, आणि का खटकलं ते त्याला सांगता येत नाही.

आकड्यांचं राहिलंच. ‘पन्नास रुपये’ सगळे म्हणतात, पण 499 आला की बहुतेक शहरी पोरं ‘चारशे नव्व्याण्णव’वर अडखळतात, त्यांच्या तोंडी ‘फोर नाइन्टी नाइन’ असतं. किंमत तशीच वाचावी. टक्केवारीत ‘वीस टक्के’ चालतं, ‘वीस परसेंट’ चालतं, ‘ट्वेंटी परसेंट’ चालतं. ‘ट्वेंटी टक्के’ कुणीच म्हणत नाही. फोन नंबर सरळ इंग्रजी आकड्यांत.

आता माइकसमोरचं. स्क्रिप्ट अखंड देवनागरीत, इंग्रजी शब्दांसकट. ओळीच्या मध्येच रोमन अक्षरं दिसली की वाचणाऱ्याचा उच्चार बदलतो: शब्दाआधी अर्ध्या सेकंदाची फट पडते, आवाज वर चढतो, आणि तो एकच शब्द अवतरणचिन्हांत ठेवल्यासारखा ऐकू येतो. प्रत्यय जोडूनच लिहावा, ‘पेमेंटवर’ असा एकसंध. ‘पेमेंट वर’ असं तोडलं की वाचणाराही तिथे तुटतो.

इंग्रजी शब्द मराठी जिभेनेच म्हणायचा. इंग्रजीत शब्दाच्या सुरुवातीच्या प, ट, क यांच्यामागून हवा सुटते. तसं म्हटलं तर ‘पेमेंट’ मराठी कानाला ‘फेमेंट’कडे झुकलेलं ऐकू येतं, शिवाय ती हवा माइकवर आदळून ‘धप्’ असा ठोका येतो. पॉप फिल्टरने ठोका कमी होतो, ढंग जात नाही. इंग्रजी शब्दातलं एक अक्षर जोरात, बाकीची गिळलेली. मराठीत साधारण सगळ्यांना सारखं वजन. ‘डाउनलोड’ मराठी वजनाने म्हटला की तो शेजारच्या ‘करा’बरोबर मिसळतो. मात्र ‘ॲ’ आणि ‘ऑ’ सोडायचे नाहीत. ‘अ‍ॅप’चं ‘एप’ आणि ‘ऑफर’चं ‘आफर’ केलं की शहरी ऐकणारा तिथेच दुरावतो.

च आणि ज कडेही लक्ष हवं. मराठीत ‘चाक’मधला च आणि ‘चहा’मधला च वेगळे, पण लिपीत दोन्ही सारखेच दिसतात. ‘चार्ज’, ‘चेक’, ‘जॉब’ हे ‘चहा’च्या बाजूचे. घाईत ‘चार्ज’चा च ‘चाक’सारखा निघतो. शंका असेल तिथे मी पेन्सिलीने वर छोटा ‘य’ लिहितो.

आपल्याकडच्या कलाकारांसाठी एक वेगळी गोष्ट. घरात अहिराणी असेल तर बेसावध क्षणी ‘ळ’चा ‘य’ होतो आणि ‘ण’चा ‘न’. गंमत म्हणजे हे इंग्रजी शब्दाच्या लगेच पुढच्या मराठी शब्दात जास्त होतं, कारण सगळं लक्ष इंग्रजी शब्द नीट म्हणण्यात गेलेलं असतं. ‘कॅशबॅक मिळेल’ असं वाक्य असेल तर चूक ‘मिळेल’मध्ये शोधा. उलट टोकाला जाऊन प्रत्येक ‘न’चा ‘ण’ करणंही तितकंच वाईट ऐकू येतं.

एका बैठकीत ‘लोकल टच’ म्हणून शेवटी ‘काय भो’ घालायची सूचना आली होती. ‘भो’ जळगावकडे घरचा आहे, पण तो वाक्याच्या शेवटी, खालच्या सुरात, सहज सुटतो. जाहिरातीतला कलाकार तो ठासून म्हणतो आणि नक्कल केल्यासारखं होतं. ज्याच्या रोजच्या बोलण्यात आहे त्यानेच म्हणावा, आणि बँकेच्या कामात तर नकोच. वगळला.

दुरुस्ती करताना एकटा इंग्रजी शब्द पुन्हा रेकॉर्ड करून मध्ये चिकटवू नका. सुटा शब्द नेहमी उतरत्या सुरात म्हटला जातो, वाक्याच्या मध्ये त्याचा सूर वर असतो, आणि पॅच लगेच कळतो. पूर्ण वाक्य, आधीच्या वाक्याचे शेवटचे दोन शब्द धरून, परत म्हणायचं.

तीस सेकंदांत मी साठेक शब्दांच्या वर जात नाही, आणि त्यातही शेवटचे पाच सेकंद ॲपचं नाव आणि ‘अटी व शर्ती लागू’साठी राखून ठेवतो. ‘अटी व शर्ती’मधला ‘व’ तेवढा राहू दिला. तो सगळ्यांच्या कानात तसाच बसलाय, आणि त्यासाठी आणखी एकदा त्या टेबलांवर जायची माझी तयारी नव्हती.