चार्टवर नसलेला रकाना

इंदूरच्या ज्या खाजगी रुग्णालयात मी परिचारिका आहे, तिथे खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर चौथ्या दिवशी एका काकूंचा डिस्चार्ज अडला. चार्टवर दोन दिवस सकाळी ९७.४ आणि संध्याकाळी ९९.४ अंश फॅरनहाइट अशा नोंदी होत्या. दोन अंशांची ही चढ पाहून कनिष्ठ डॉक्टरांनी प्रतिजैविक चालू ठेवायला सांगितले. काकूंचा मुलगा म्हणाला, "सिस्टर, रोज संध्याकाळी ताप चढतोय, आईला घरी कसं न्यायचं?"

जखम कोरडी होती, नाडी शांत होती. मग मी नोंदी कोणी, कुठे घेतल्या ते विचारले. सकाळचे तापमान रात्रपाळीने काखेत घेतले होते, आणि संध्याकाळचे दुपारपाळीने तोंडात, तेही चहानंतर लगेच. आमच्या चार्टवर वेळेचा रकाना आहे, जागेचा नाही, ही गोष्ट मला फार खटकते.

त्या संध्याकाळी चहानंतर अर्धा तास थांबून, पंखा बंद करून, मी चारही ठिकाणी तापमान घेतले. जिभेखाली ९९.०, कानात ९९.२, काखेत ९८.१ आणि कपाळावर ९७.९ आले. कानाच्या पडद्याला मेंदूतल्या तापनियंत्रक केंद्राच्या जवळचेच रक्त मिळते, म्हणून तिथला आकडा आतल्या तापमानाच्या जवळ असतो. पण कानात मळ असला किंवा यंत्राचा कोन चुकला, तर तो खाली येतो. काख ही शेवटी त्वचाच, आणि हात घट्ट मिटलेला नसेल तर तिथे हवा शिरते. कपाळावरचे यंत्र त्वचेची उष्णता मोजून आतल्या तापमानाचा अंदाज बांधते, त्यामुळे घाम आणि वारा त्याला सहज फसवतात.

दुसऱ्या दिवशी पहाटे पाच वाजता जिभेखाली पुन्हा मोजले, तेव्हा ९७.८ आले. म्हणजे एकाच जागी मोजल्यावर फरक सव्वा अंशाच्या आतच राहिला, आणि एवढा चढउतार निरोगी शरीरातही होतो. मेंदूतले घड्याळ रात्री हातपायांच्या त्वचेतून उष्णता बाहेर सोडायला लावते, पहाटे तापमान तळाला जाते आणि दुपारनंतर चार ते सहाच्या सुमारास शिखरावर येते. १९९२ मध्ये अमेरिकेत निरोगी प्रौढांच्या तोंडात मोजलेल्या तापमानांवरून सामान्य कमाल मर्यादा सकाळी सहाला ९८.९, तर दुपारी चारला ९९.९ अशी सुचवली गेली होती.

मोठ्या डॉक्टरांनी दोन्ही नोंदी पाहिल्या आणि काकू त्याच दुपारी घरी गेल्या. तरी एक गोष्ट मनातून जात नाही. हेच ९९.० पहाटे पाचला आले असते, तर मी त्याकडे दुर्लक्ष केले नसते, विशेषतः वृद्धांचे नेहमीचे तापमान मुळातच कमी असते म्हणून. आणि चार्टवरच्या त्या दोन दिवसांपैकी दुसऱ्या सकाळची ९७.४ ही नोंद, जागा न लिहिता, माझ्याच हातची होती. आता मी प्रत्येक आकड्यापुढे 'काख' किंवा 'तोंड' असे लिहिते, रकाना असो वा नसो.